सहीआधीचं एक पान

अगं बयो, तुझा चौदा पानी करारनामा व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला. पाठोपाठ जावईबापूंचा निरोपही आला की आत्यांनी फक्त सही करायची की नाही एवढंच सांगावं. एवढंच सांगायला मी काय पोपटवाला ज्योतिषी आहे? नोकरीभर पीडब्ल्यूडीच्या सबडिव्हिजनमध्ये बसून ठेकेदारांची रनिंग बिलं तपासली, त्यामुळे मला कागद दिसला की आधी मागची पानं उलटायची सवय. तुझा ठेकेदार मला सज्जन वाटतो, हे आधीच सांगून ठेवते. डोंबिवलीतल्या तीस वर्षं जुन्या टूबीएचकेचं काम अंगावर घ्यायला धीर लागतो. पण करार चांगल्या माणसांसाठीही स्पष्टच असावा, म्हणजे ती शेवटपर्यंत चांगली राहतात.

तर हे चौदा पानांचं बाड एका पानावर उतरवून काढ. पानाच्या चार चौकटी कर: काम काय, पैसे कधी, उशीर झाला तर काय, आणि बिघडलं तर कोण दुरुस्त करणार. मी सांगते तशी क्रमाने कर, आणि मधे जावईबापूंना चहा करायला लाव.

१. करार दोनदा वाच आणि पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नकोस — चौथ्या पानावर दिलेलं बाराव्या पानावर काढून घेतलेलं असतं, ते अख्खं वाचून झाल्याशिवाय कळत नाही.

२. पानावर जी ओळ लिहिशील तिच्यापुढे कलम आणि पान यांचा क्रमांक टाक — भर साइटवर धुळीत उभं राहून "कुठेतरी लिहिलं होतं बाई" म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

३. आकडे आणि क्रियापदं जशीच्या तशी उतरव. तुझ्या कलम ७ मध्ये काम ९० "कामाच्या दिवसांत" "पूर्ण करण्याचा प्रयत्न करील" आहे, ते तू सवयीने "पूर्ण करील" लिहिशील — आणि तुझं पान कराराहून गोड होऊन बसेल.

४. प्रत्येक चौकटीच्या तळाशी "करारात नाही" अशी मोकळी जागा सोड. "मॅडम, ते करून देऊ की" असं जे जे ऐकलंस ते सगळं तिथे जाऊ दे — तोंडचा शब्द पहिल्या पावसापर्यंतच टिकतो.

आता पहिली चौकट, कामाची. तुझ्या दुसऱ्या पानावर "सदनिकेचे संपूर्ण नूतनीकरण" असं भारदस्त वाक्य आहे. ते वाचून तुम्ही दोघं खूश झालात, पण त्या वाक्यातून एक खिळाही येत नाही. खरं काम परिशिष्ट अ मध्ये आहे: तोडफोड ५० हजार, प्लंबिंग आणि दोन्ही बाथरूमचं वॉटरप्रूफिंग १ लाख ३० हजार, इलेक्ट्रिक १ लाख, लादी आणि भिंतीच्या टाइल्स १ लाख ७० हजार, सुतारकाम अडीच लाख, रंग १ लाख. बेरीज ८ लाख. हे सहा आकडे पानाच्या डोक्यावर ठेव, पुढे पैशांच्या चौकटीत लागणार आहेत.

५. ८ लाखांच्या शेजारीच लिही, "जीएसटी वेगळा, पान ३" — १८ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार होतात, म्हणजे घराचा खर्च ९ लाख ४४ हजार आहे. जावईबापूंनी कर्जाचा हिशेब कुठला आकडा धरून केलाय, ते विचार.

६. टाइल्सपुढे बेसिक रेट उतरव. करारात तो चौरस फुटाला ५५ रुपये आहे, आणि तू कल्याणच्या दुकानात ज्या टाइलवर हात फिरवत बसली होतीस ती ९० ची — ६०० चौरस फुटांना वरचे २१ हजार तुझ्याकडून येणार, आणि ठेकेदार त्यात चुकीचं काहीच करत नसेल.

७. प्लायवूडपुढे जाडी आणि आयएस ७१० हा शिक्का असं दोन्ही हवं, निदान सिंकखालच्या कपाटासाठी तरी. तुझ्या करारात नुसतं "उत्तम दर्जाचे" आहे — फुगलेलं कपाटही बसवलं तेव्हा उत्तमच दिसत असतं.

८. इलेक्ट्रिकचे पॉइंट मोजून संख्या लिही आणि जादा पॉइंटचा दर विचारून घे — स्वयंपाकघरात प्लग कुठे हवेत हे तुला ओटा झाल्यावरच सुचणार आहे, मी तुला ओळखते.

९. राबिट खाली उतरवणं, गाडीने नेणं, सोसायटीची अनामत, लिफ्ट खराब झाली तर तिचा खर्च, हे चारही "करारात नाही"मध्ये गेलं पाहिजे — तिसऱ्या मजल्यावरून उतरणाऱ्या गोणींचा खर्च कोणाचा, यावरून पहिल्याच आठवड्यात तोंडं फिरतात.

१०. जुन्या इमारतीत टाइल उखडली की गंजलेला जीआय पाइप किंवा स्लॅबची उघडी पडलेली सळई दिसणार हे धरूनच चाल. तसं निघालं तर जादा कामाचा दर आधी लेखी, होकार लेखी, मग काम, एवढी एक ओळ करारात घालायला सांग — एकदा काम झालं की दर ठरवण्यात तुझं काही चालत नाही.

११. वॉटरप्रूफिंगनंतर आणि टाइल बसवण्याआधी दोन्ही बाथरूममध्ये पाणी भरून किमान ४८ तास ठेवायचं आणि खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन छत बघायचं, हे कामाच्या यादीत एक स्वतंत्र काम म्हणून हवं. करारात ते कुठेच नाही — टाइल बसली की गळतीचं कारण शोधायला ती फोडावी लागते, आणि तेव्हा फोडायचा खर्च कोणाचा हा नवा वाद.

या अकराव्या मुद्द्याशी जरा थांब. मला विचारशील तर अख्ख्या करारात मी एकच बदल मागितला असता तो हा. रंग पुन्हा मारता येतो, ट्रॉलीची चाकं बदलता येतात. बाथरूमच्या लादीखालचा थर पुन्हा करायचा म्हणजे नळ, लादी, उंबरठा सगळं गेलं. पाणी भरण्याआधी नहाणी ट्रॅपचं तोंड नीट बंद केलंय ना, ते स्वतः बघ. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मार आणि फोटो काढ. पाणी थोडं हवेतही उडतं, म्हणून एखाद्या रेषेने घाबरू नकोस. पण पातळी बोटभर उतरली, किंवा खालच्यांच्या छताला ओल दिसली, तर टाइलवाल्याला घरी पाठव.

आता पैसे. तुझ्या कलम ५ मध्ये चार हप्ते आहेत: सहीच्या वेळी ४० टक्के, लादीकाम सुरू होताना ३०, सुतारकामाचा माल साइटवर येताच २५ आणि ताबा देताना ५. वाचायला किती सुटसुटीत! याच्यापुढे दोन रकाने वाढव, "एकूण दिलेले" आणि "उभं राहिलेलं काम", आणि मघाचे सहा आकडे वापर.

लादीचा पहिला तुकडा बसायच्या आधी तू ५ लाख ६० हजार दिलेले असतील. तोवर काय झालेलं असेल? तोडफोड ५०, प्लंबिंग-वॉटरप्रूफिंग १३०, आणि भिंतीतल्या नळ्या-वायरी धरून इलेक्ट्रिकचं अर्धं म्हणजे ५०. सगळे मिळून २ लाख ३० हजार. म्हणजे ३ लाख ३० हजार तू आगाऊ मोजलेस. पुढे लादी पूर्ण होऊन प्लायवूडचा ढीग हॉलमध्ये पडला की दिलेले ७ लाख ६० हजार, आणि काम ४ लाखांचं, वर त्या ढिगाची जी काय किंमत असेल ती. तुझ्या हातात उरले ४० हजार. अगं, नुसता रंगच १ लाखाचा आहे! सुतारकाम करून घ्यायचंय, दिवे लावून घ्यायचेत, रंग मारून घ्यायचाय, आणि हातात काय, तर ४० हजार. हा आकडा लाल पेनाने गोल कर, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

१२. हप्ता कामाच्या शेवटाला बांध, सुरुवातीला नाही. "सुरू होताना" आणि "माल येताच" हे शब्द दिसले की समासात खूण कर — दोन कारागीर एक फरशी ठेवून गेले तरी लादीकाम सुरू झालेलं असतं.

१३. आगाऊ मागणारा लबाड असतो असं धरू नकोस. त्याच्या एका वेळी तीन-चार साइट चालतात, आणि तुझ्या पैशांतून दुसऱ्याची लादी येते, तुझी लादी तिसऱ्याच्या पैशांतून — मधला एक कोणी अडकला की सगळ्यांचंच काम थांबतं. आगाऊ पैसा गवंड्याला सुस्त करतो आणि मालकाला नम्र.

१४. त्याच्यापुढे नुसती तक्रार घेऊन जाऊ नकोस, तयार हप्ते घेऊन जा. सहीला १५ टक्के, पाण्याची चाचणी पास झाल्यावर २०, लादी-टाइल्स पूर्ण झाल्यावर २०, कपाटांचे सांगाडे बसल्यावर २५, रंग आणि दिवे होऊन ताबा दिल्यावर १०, उरलेल्या बारीकसारीक कामांची यादी संपल्यावर ५, आणि शेवटचे ५ एक पावसाळा गेल्यावर — अशाने चाचणीनंतर तू २ लाख ८० हजार दिलेले असतील आणि काम २ लाख ३० हजारांचं असेल. पन्नास हजारांचा पुढावा त्याला धंद्यासाठी हवाच, तेवढा त्याचा मान.

१५. प्लायवूडसाठी एकदम पैसे लागतात असं तो म्हणेल, आणि ते खरंही आहे. मग दुकानदाराचं बिल तुझ्या नावाने घेऊन थेट दुकानदाराला पैसे दे आणि तेवढे हप्त्यातून वळते कर — माल तुझ्याच घरात उतरतो.

इथे एक लक्षात घे. तो हे सगळं मान्य करणार नाही. पंधराचे पंचवीस करील, शेवटच्या पाचासाठी कपाळाला हात लावील. चालेल. पाण्याची चाचणी हप्त्याला बांधलेली राहिली आणि ताब्यानंतर काहीतरी तुझ्याकडे शिल्लक राहिलं, की बाकी टक्क्यांत मी घासाघीस करणार नाही.

तिसरी चौकट उशिराची. तुझ्या करारात ती तीन ठिकाणी विखुरली आहे: मुदत कलम ७ मध्ये, दंड कलम ८ मध्ये आणि सुटका कलम १३ मध्ये. तिन्ही एकाखाली एक मांडल्याशिवाय चित्र दिसत नाही.

१६. घड्याळ कधी सुरू होतं ते आधी लिही. ड्रॉइंगला मंजुरी, आगाऊ रक्कम आणि सोसायटीची परवानगी, यांतलं जे सर्वांत शेवटी होईल तिथून — म्हणजे तू पैसे दिलेस तरी सेक्रेटरी गावाला गेले असतील तर एकही दिवस मोजला जात नाही.

१७. "कामाचे दिवस" कॅलेंडरवर मोजून तारीख काढ. ९० कामाचे दिवस म्हणजे आठवड्याला सहा धरून १५ आठवडे. १ फेब्रुवारीला सुरुवात झाली तर मे महिन्याचा मध्य, होळी-पाडव्याच्या सुट्ट्या धरून आणखी पुढे, वर कलम ८ मधली दोन आठवड्यांची सवलत — म्हणजे तारीख जूनच्या तोंडावर आली, आणि तेव्हा पुट्टी वाळत नाही.

१८. सुटकेच्या कलमातली कारणं वेगवेगळी लिही. पूर, संचारबंदी ठीक. पण तिथे "पाऊस" आणि "कामगारांची अनुपलब्धता" हीसुद्धा आहेत — कारागीर एप्रिल-मेमध्ये लग्नांसाठी गावी जातात हे तुला-मला ठाऊक आहे, तर त्याला नक्कीच आहे. हे दोन शब्द काढायला सांग.

१९. तुझ्याकडून होणारा उशीरही त्याच चौकटीत लिही. निवड कळवायला तुला तीन दिवस आहेत, पुढचा प्रत्येक दिवस मुदतीत वाढतो — आणि एका बेसिनसाठी चार दुकानं फिरणारी भाची माझ्याच माहेरची आहे.

२०. दंड टक्क्यांत ठेवू नकोस, रुपयांत काढ. आठवड्याला अर्धा टक्का म्हणजे ४ हजार, आणि कमाल ५ टक्के म्हणजे ४० हजार. तुमचं भाडं महिन्याला २६ हजार, म्हणजे आठवड्याला सहाच्या घरात — दंड मिळाला तरी तुला आठवड्याला दोन हजारांची खोट आहे, आणि दहा आठवड्यांचा दंड भरला की पुढचा उशीर त्याला फुकट.

२१. मुदत टळल्यावर गप्प बसून किल्ली घेऊ नकोस. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५५ मध्ये आहे की, वेळ हा कराराचा गाभा असताना उशिराचं काम तू स्वीकारलंस आणि त्याच वेळी भरपाई मागणार असल्याचं कळवलं नाहीस, तर नंतर मागता येत नाही — चार ओळींचा ईमेल पुरतो, भांडण लागत नाही. आणि वेळ हा गाभा आहे हे कलम ७ मध्ये स्पष्ट लिहायला सांग. "प्रयत्न करील" म्हणणाऱ्या कलमातून ते आपोआप निघत नाही.

चौथी चौकट दोषदुरुस्तीची, आणि इथे तुझ्या करारात मला खरी गंमत सापडली. परिशिष्ट क मध्ये ठळक अक्षरांत "वॉटरप्रूफिंगची हमी ५ वर्षे". तुम्हाला ते दाखवलं असणार, बोट ठेवून. कलम १० म्हणतं, सर्व कामांची दोषदुरुस्ती १२ महिने. आणि कलम १६, जे कोणी वाचत नाही, ते म्हणतं की परिशिष्ट आणि मूळ करार यांत फरक आढळल्यास मूळ करार धरावा. झालं! पाचाचं एक वर्ष झालं, तेही कोणी खोटं न बोलता. मला वाटतं, त्याच्या स्वतःच्याही हे लक्षात नसेल. असे करार एकाचे दुसऱ्याला चिकटवत पुढे जातात. त्याला दाखव, बहुधा हसून दुरुस्त करील.

२२. हमीचे दिवस कधीपासून मोजायचे ते लिही. तुझ्याकडे "ताबा किंवा वापर, जे आधी होईल ते" आहे — भाडं वाचवायला तुम्ही रंग बाकी असतानाच राहायला गेलात की १२ महिने तिथून सुरू, आणि बाकीचा रंग तुमच्या पलंगाभोवती.

२३. दुरुस्तीत काय काय येतं ते विचारून घे: नुसता वॉटरप्रूफिंगचा थर, की टाइल फोडणं, तशीच टाइल आणणं, परत बसवणं आणि खालच्यांचं छत रंगवणंही? — केमिकलचा डबा स्वस्त असतो, खर्च फोडण्यात आणि जोडण्यात असतो. संडास-बाथरूमची गळती सोसायटी दुरुस्त करून देत नाही, ती सभासदाने करायची असते. म्हणजे खालचे काका बेल तुझीच वाजवणार.

२४. दोष कळवल्यावर किती दिवसांत माणूस येणार आणि नाही आला तर काय, हे दोन्ही हवं. सात दिवसांत आला नाही तर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च शिल्लक रकमेतून वळता करता येईल, अशी ओळ माग — तुझ्याकडे "दुसऱ्याने हात लावल्यास हमी रद्द" असं उलटंच कलम आहे, म्हणजे तो आला नाही तरी तू हात बांधून बसायचं.

२५. रेरामध्ये पाच वर्षं असतात ना, असं जावईबापू म्हणतील. ती जबाबदारी इमारत विकणाऱ्या बिल्डरची आहे, तुझ्या नूतनीकरणाच्या ठेकेदाराची नाही — इथे करारात लिहाल तेवढ्याचाच आधार.

आता तो लाल गोल बघ. शेवटचे ४० हजार. रंगकाम पूर्ण करून घ्यायला तेच, उशिराचा दंड कापायला तेच कारण कलम ८ म्हणतं "अंतिम देयकातून", आणि वर्षभर दुरुस्तीला माणूस यावा म्हणून हातात ठेवायलाही तेच. शिवाय ते ताब्याच्या दिवशीच द्यायचे आहेत, म्हणजे तिसऱ्या कामासाठी तर ते उरतच नाहीत. चारही चौकटी एका पानावर आल्या म्हणून हे दिसलं. चौदा पानांत ते चार वेगवेगळ्या ठिकाणी सभ्यपणे बसलेलं होतं. एक रुपया तीन ठिकाणी जामीन राहत नाही.

२६. पान झालं की त्याला ईमेलने पाठव, "मला करार असा समजला, चुकलं असेल तर सांगा" असं लिहून — या भाषेवर कोणी चिडत नाही, आणि जे तो दुरुस्त करील ते तुला बाथरूम फुटायच्या आधी कळेल.

२७. पण त्या ईमेलच्या भरवशावर राहू नकोस. कलम १५ म्हणतं की करारात नसलेलं काहीही बंधनकारक नाही. म्हणून ठरलेले बदल करारातच येऊ देत, किंवा तुझं पान दोघांच्या सहीने परिशिष्ट ड म्हणून लागू दे — आणि मतभेद झाल्यास परिशिष्ट ड धरावं हेही त्यात लिही, नाहीतर कलम १६ बसलंच आहे.

२८. दुरुस्त करार आला की पान नव्याने ताडून बघ — मधे एक कलम घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात.

शनिवारी फोन कर, पान समोर ठेवून. सुतारकामाच्या अडीच लाखांत ओट्याखालच्या ट्रॉल्या धरल्यात की नाहीत, हे मला परिशिष्टात कुठे सापडलं नाही. ठेकेदाराला आधी तेवढं विचारून ठेव.